चाळीस मिनिटांची थेट बैठक: आपल्याच क्षेत्रातल्या माणसांची गाठ कशी घालावी

काही व्यवसायांतली माणसं एकमेकांना सहसा भेटतच नाहीत. जुन्या वाड्यांची चुन्यात दुरुस्ती करणाऱ्यांचं तसंच आहे. चुना मळता येणारा गवंडी वाईत असतो, चांगला चुना कुठे मिळतो ते कोल्हापुरातल्या कंत्राटदाराला ठाऊक असतं, नकाशे काढणारी आर्किटेक्ट साताऱ्यात बसते आणि शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली घरं सांभाळणारा गोव्यात. यांची संमेलनं क्वचित होतात. झाली तरी गवंड्याला तिथे कोणी बोलावत नाही.

अशा विखुरलेल्या माणसांना एकत्र आणायला छोटी ऑनलाइन थेट बैठक उपयोगी पडते. दहा मिनिटं आपण काहीतरी दाखवायचं आणि उरलेला वेळ आलेल्यांच्या प्रश्नांना द्यायचा. समजा, साताऱ्यातल्या त्या आर्किटेक्टला अशी बैठक घ्यायची आहे. तिने काय काय करावं, ते या लेखात क्रमाने पाहू. क्षेत्र वेगळं असलं तर चुन्याच्या जागी आपला विषय ठेवावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. हे व्याख्यान नव्हे. व्याख्यानात लोकांना आपण कळतो आणि इथे आपल्याला लोक कळायला हवेत. पुढचे सगळे निर्णय या एका फरकावरून होतात.

कोणाला भेटायचं आहे?

विषय ठरवण्याआधी कागदावर तीन प्रकारची माणसं लिहावीत. आपल्या आर्किटेक्टची यादी अशी होईल: चुन्याचा हात असलेले गवंडी, चुना आणि जुनं सागवान पुरवणारे, आणि असंच काम करणारे इतर आर्किटेक्ट-इंजिनिअर. वाड्यांचे मालक या यादीत नाहीत. ते गिऱ्हाईक म्हणून हवेत, पण गिऱ्हाइकांसाठी घ्यायची बैठक वेगळी असते. दोन्ही हेतू एकत्र केले की गवंडी गप्प बसतो, कारण मालकासमोर तो कामातल्या अडचणी सांगत नाही.

वेळही या यादीवरूनच ठरते. गवंड्याचं काम संध्याकाळी सुटतं. त्यानंतर घरी जाणं, हातपाय धुणं, जेवण. रात्री आठच्या आधी तो मोकळा नसतो आणि साडेनऊनंतर झोपेला आलेला असतो. म्हणून आठची वेळ बरी. परदेशात शिकणारे मराठी आर्किटेक्टही येणार असतील तर भारतातल्या रात्री आठला लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा. हे सगळ्यांना चालण्यासारखं आहे.

विषय एका प्रश्नात मावेल एवढाच

‘पारंपरिक बांधकामाचं जतन’ असा विषय ठेवला तर ज्यांना हा शब्दप्रयोग आवडतो असे लोक येतील. ‘जुन्या वाड्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा का टिकत नाही?’ असा ठेवला तर तो गिलावा स्वतःच्या हाताने काढलेले लोक येतील. आपल्याला दुसरे हवे आहेत.

चांगल्या विषयाची खूण अशी की त्याचं मूळ उत्तर दहा मिनिटांत देता येतं, पण त्यातून पुढे वीस प्रश्न निघतात. इथलं मूळ उत्तर सरळ आहे. जुन्या भिंतीच्या पायात ओलावा अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल भिंतीत चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर उडून जाते. सिमेंटचा घट्ट गिलावा ती बाहेर पडू देत नाही. मग ओल आणखी वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा खपल्या धरून सुटतो. हे कळलेल्या माणसाला लगेच विचारावंसं वाटतं: मग आधीच सिमेंट केलेल्या भिंतीचं काय करायचं? चुना कुठला आणायचा? पावसाळ्यात काम धरायचं का?

प्रक्षेपण की बैठक?

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरचं लाइव्ह हे प्रक्षेपण असतं. आपण दिसतो, समोरचे दिसत नाहीत. यूट्यूबवर जे लिहितात त्यांची नावं तेवढी कळतात. यूट्यूबवर आपलं बोलणं प्रेक्षकापर्यंत पोचायला काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे ‘प्रश्न विचारा’ म्हटल्यावर बराच वेळ शांतता पसरते आणि बोलणारा घाबरून पुढे सरकतो. शिवाय अटी असतात. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि ही सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. इन्स्टाग्रामने २०२५ साली लाइव्हसाठी सार्वजनिक खातं आणि किमान १,००० फॉलोअर अशी अट घातली.

आपल्याला वीस-तीस माणसांना भेटायचं आहे, म्हणून झूम किंवा गूगल मीटवरची बैठक बरी. तिथे चेहरे दिसतात, माणूस स्वतःच्या आवाजात विचारू शकतो आणि उलट प्रश्न लगेच करता येतो. दोन्हींच्या मोफत खात्यावर १०० जण येऊ शकतात. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी संपते. मीटवर तीन किंवा अधिक जण झाले तर ६० मिनिटं मिळतात आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर मीट चालवायला वेगळी खटपट पडत नाही. झूमचा फायदा असा की गप्पांच्या खिडकीत लोकांनी लिहिलेलं सगळं फाइल म्हणून जपून ठेवता येतं. कोणी काय विचारलं याची नोंद हेच आपलं भांडवल असल्यामुळे इथे झूम धरू.

झूममधल्या तीन गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. `Mute participants upon entry` सुरू ठेवावं, म्हणजे येणाऱ्याच्या घरातला टीव्ही सगळ्यांना ऐकू येत नाही. स्क्रीन दाखवण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवावा. आणि लिंक कुठेही जाहीर टाकू नये, ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवावी. उघड्यावर पडलेल्या लिंकवरून टवाळखोर शिरतात आणि नको ते दाखवून जातात.

बोलावणं

गटात टाकलेलं निमंत्रण सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते कोणीच आपलं मानत नाही. यादीतल्या माणसांना एकेकाला निरोप पाठवावा. आपल्या ओळखीचे पंधरा आणि त्यांच्या ओळखीचे पंधरा एवढे पुरतात. आठ दिवस आधी पहिला निरोप, आदल्या दिवशी आठवण आणि अर्धा तास आधी लिंक. निरोपात एकच मागणी असावी, ती म्हणजे प्रश्नाची. उदाहरणार्थ, वाईच्या मिस्त्रींना असं लिहिता येईल:

“नमस्कार मिस्त्री. मी साताऱ्यात वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. तुमचा नंबर कोल्हापूरच्या कंत्राटदारांकडून मिळाला. येत्या गुरुवारी रात्री ८ ते ८.४० मोबाइलवर एक बैठक घेत आहे: जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा का टिकत नाही. दहा मिनिटं मी दाखवीन, मग सगळ्यांनी बोलायचं. चुन्याच्या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, ते मला एका ओळीत किंवा बोलून पाठवाल का? त्यावरच सुरुवात करते.”

या निरोपाने तीन कामं होतात. नंबर कुठून मिळाला ते सांगितल्यामुळे संशय राहत नाही. बोलून पाठवायची मुभा दिल्यामुळे ज्याला टाइप करायचा कंटाळा आहे तोही उत्तर देतो. आणि सुरुवातीचे तीन-चार खरे प्रश्न आधीच हातात येतात. खोटे प्रश्न मित्रांकडून पेरून घ्यायची गरज राहत नाही. पेरलेला प्रश्न जाणकाराला लगेच ओळखू येतो.

ज्याने झूम कधी वापरलेलं नाही त्याला आदल्या दिवशी पाच मिनिटं फोनवर घेऊन एकदा आत आणून दाखवावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केलं नाही तर नेमका जो गवंडी हवा असतो तोच बाहेर राहतो.

चाळीस मिनिटांची वाटणी

मोफत बैठक सुरू केल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं. आवाजाची चाचणी त्याच बैठकीत केली तर तेवढी मिनिटं गेली. म्हणून चाचणी वेगळ्या बैठकीत करून ती बंद करावी आणि खरी बैठक ७.५९ला उघडावी. आखणी ३७ मिनिटांचीच ठेवावी.

- पहिली ४ मिनिटं: लोक येतात. प्रत्येकाने नाव, गाव आणि काम गप्पांच्या खिडकीत लिहायचं.
- पुढची १० मिनिटं: दाखवणं.
- पुढची २० मिनिटं: प्रश्न.
- शेवटची ३ मिनिटं: पुढे काय, कोण कोणाला फोन करणार.

पहिल्या चार मिनिटांत आणखी एक काम असतं. पडद्यावर माणसांच्या नावांऐवजी त्यांच्या फोनच्या कंपन्यांची नावं दिसत असतात आणि एकाच कंपनीचे चार जण असतात. यजमानाला `Rename` वापरून ती बदलता येतात. ‘रमेश’ एवढंही पुरत नाही. नाव, गाव आणि काम असं तिन्ही दिसलं की आलेली माणसं आपण होऊन एकमेकांना ओळखू लागतात.

दहा मिनिटांत काय दाखवावं?

स्लाइड टाळाव्यात. स्लाइड लावली की चेहरे बारीक होऊन कोपऱ्यात जातात आणि बैठकीचं व्याख्यान होतं. त्याऐवजी एखादी खरी वस्तू दाखवावी. आपल्या आर्किटेक्टने एखाद्या वाड्याच्या कामावरून सुटलेला सिमेंट-गिलाव्याचा हातभर खपला जपून आणलेला असेल, तर तो कॅमेऱ्यासमोर धरून हळूच उलटा करावा. पुढची बाजू गुळगुळीत आणि रंगवलेली. मागच्या बाजूला पांढऱ्या क्षारांचा थर आणि त्याला चिकटून आलेला विटेचा लाल भुगा. नखाने खरवडलं तर तो भुगा कॅमेऱ्यासमोरच गळतो. गिलावा सुटताना भिंतीची कातडीही घेऊन गेला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. पाहणाऱ्या गवंड्याला ते ओळखीचं असतं आणि तिथूनच तो बोलायला लागतो.

वस्तू जवळून दाखवण्यासाठी दुसरा फोन तिवईवर लावून तोही बैठकीत आणता येतो. मात्र त्या फोनवर आवाज जोडूच नये. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांचा आवाज चालू राहिला की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते आणि पहिली पाच मिनिटं ती कुठून येते हे शोधण्यात जातात.

प्रश्नांचा कारभार दुसऱ्याकडे

बोलणं, चेहरे पाहणं आणि येणारं लिखाण वाचणं ही तिन्ही कामं एका माणसाला जमत नाहीत. एक मदतनीस लागतो आणि त्याला विषयाची थोडी जाण असावी लागते. त्याच्याकडे एक वही असावी आणि तीत तीन रकाने: नाव-गाव, प्रश्न, पुढे काय. येणारा प्रत्येक प्रश्न तो तिसऱ्या रकान्यात एका शब्दाने मार्गी लावतो: ‘आत्ता’, ‘फोन’ किंवा ‘सोडा’. ‘आत्ता’ म्हणजे सगळ्यांच्या कामाचा. ‘फोन’ म्हणजे एकट्याच्या कामाचा, नंतर बोलू. ‘सोडा’ म्हणजे विषयाबाहेरचा.

मदतनिसाने प्रश्न वाचून दाखवण्यापेक्षा माणसाला बोलतं करावं. “वाईचे मिस्त्री गिलाव्याच्या तड्यांबद्दल विचारताहेत. मिस्त्री, माइक चालू करून तुम्हीच सांगा.” लिहिलेल्या एका ओळीत प्रश्न कळतो, पण माणूस कळत नाही. त्यासाठी त्याचा आवाज ऐकावा लागतो.

पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्नांची वीस मिनिटं हाच बैठकीचा गाभा आहे. या बैठकीत येतील असे पाच प्रश्न घेऊन प्रत्येकाचं काय करावं ते पाहू.

*पहिला, कामाचा प्रश्न.* वाईचे मिस्त्री विचारतात, “चुन्याच्या गिलाव्याला केसासारखे तडे जातात. काय चुकतं?” इथे लगेच उत्तर द्यायचा मोह आवरावा आणि उलट तीन गोष्टी विचाराव्यात: एका चुन्याला वाळू किती, थर किती जाडीचा, पाणी किती दिवस मारलं? समजा मिस्त्री म्हणाले, “एकास दोन. एका दमात इंचभर. तिसऱ्या दिवशी ऊन लागलं.” आता उत्तर नेमकं देता येतं. इंचभर थर एकदम चढवला की बाहेरून वाळतो आणि आत ओला राहतो. एक सेंटिमीटरच्या आसपासचे थर द्यावेत. एकाला अडीच ते तीन वाळू घेऊन पाहावी, कारण चुना जास्त झाला की गिलावा जास्त आकसतो. आणि गोणपाट ओलं करून सावली धरावी, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. तो घाईने वाळला तर कच्चाच राहतो. या सवाल-जबाबात आर्किटेक्टला मिस्त्रींची कामाची पद्धत कळली आणि मिस्त्रींना कळलं की ही बाई साइटवर उभी राहिलेली आहे. पुढच्या ओळखीचा पाया इथेच पडतो.

*दुसरा, भावाचा प्रश्न.* “स्क्वेअर फुटाला काय पडतं?” हा येणारच. आकडा सांगू नये. सांगितलेला आकडा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मालकाच्या तोंडी जातो आणि त्या भावात काम मागितलं जातं. त्याऐवजी भाव कशाने बदलतो ते सांगावं: जुना गिलावा काढायची मजुरी, चुना किती दिवस भिजवून ठेवलेला आहे, थर किती, पहाड किती उंच बांधावा लागणार. मग हजर असलेल्या दोन कंत्राटदारांना विचारावं, “तुम्ही भाव बांधताना यातलं काय धरता?” त्यांचं उत्तर बाकीच्यांना आकड्यापेक्षा जास्त कामाला येतं.

*तिसरा, प्रश्न नसलेला प्रश्न.* एखादे ज्येष्ठ इंजिनिअर माइक हातात घेतात आणि त्यांनी चाळीस वर्षांत काय काय केलं ते सांगू लागतात. दीड मिनिट ऐकून घ्यावं, मग त्यांच्याच बोलण्यातला एक मुद्दा उचलावा: “सर, बेलफळाच्या पाण्यात चुना मळायचं तुम्ही म्हणालात, त्यावर स्वतंत्र बैठक घेऊ या. त्यात तुम्हीच दाखवाल का?” असं केल्याने त्यांचा मान राहतो, वेळ वाचतो आणि पुढच्या वेळचे पाहुणेही ठरतात.

*चौथा, ज्याचं उत्तर देऊच नये असा प्रश्न.* दुर्गसंवर्धन करणारा एखादा तरुण विचारतो, “आमच्या किल्ल्याचा बुरूज ढासळतोय, चुन्यात कसा बांधून काढू?” उत्साह खरा असतो, पण किल्ला संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या दगडाला हात लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. म्हणून थेट बैठकीत मिश्रणाचं प्रमाण सांगू नये. “आधी तो कोणाच्या ताब्यात आहे ते पाहू, मी उद्या तुम्हाला फोन करते,” एवढंच म्हणावं. मदतनिसाने वहीत ‘फोन’ लिहायचं.

*पाचवा, आपल्याला न येणारा प्रश्न.* रत्नागिरीहून कोणी विचारतं, “समुद्राकाठच्या जांभ्याच्या भिंतीला हेच चालेल का? खारं वारं आहे.” साताऱ्याच्या आर्किटेक्टने विटेचं आणि काळ्या दगडाचं काम केलेलं आहे, जांभ्याचं नाही. तिने तसं सांगून प्रश्न सरळ गोव्याच्या माणसाकडे द्यावा: “तुमच्याकडे जांभा आणि चुना दोन्ही आहे. तुम्ही सांगा.” आता रत्नागिरी आणि गोवा एकमेकांशी बोलताहेत. यजमान गप्प आहे आणि तरी बैठक चालू आहे. बैठक जमल्याची याहून चांगली खूण नाही. मदतनिसाने दोघांची नावं वहीत एका कंसात घालावीत.

काय बिघडतं आणि ते कसं कळतं?

*आवाज तुटणं.* आपला आवाज तुटतोय हे आपल्याला कधीच ऐकू येत नाही. लोक सांगायला संकोचतात आणि चेहरे फक्त पुढे झुकतात. म्हणून मदतनिसाने दुसऱ्या घरून, दुसऱ्या इंटरनेटवरून बैठकीत यावं आणि आवाज तुटला की फोनवर सांगावं. कारण बहुधा अपलोडचा वेग असतो. वेग तपासताना लोक डाउनलोडचा आकडा पाहून खूश होतात, पण आपलं चित्र बाहेर जातं ते अपलोडवर. तो सलग ३ एमबीपीएसच्या वर राहिला तर अडचण येत नाही. तो खाली आला तर आधी आपलं चित्र बंद करावं. चित्र गेलं तरी बैठक चालते, आवाज गेला की ती संपते.

*वीज जाणं.* लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस नसेल तर फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहून ठेवावा. यजमानच बाहेर फेकला गेला तर काय करायचं तेही मदतनिसाशी ठरलेलं असावं. तो म्हणतो, “दोन मिनिटं थांबा, तोवर प्रत्येकाने आपण चुना कुठून आणतो ते लिहा.” ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

*शांतता.* “कोणाला काही प्रश्न?” असं विचारलं की कोणीच बोलत नाही. ज्याने आधी प्रश्न पाठवला आहे त्याचं नाव घेऊन सुरुवात करावी. दोन जण बोलल्यावर तिसरा आपण होऊन बोलतो.

*दोघांचंच बोलणं.* वीस मिनिटं दोन आर्किटेक्टच आपसांत इंग्रजी संज्ञा फेकत राहिले तर गवंडी एकेक करून निघून जातात. हजर असलेल्यांचा आकडा पडद्यावर दिसतच असतो. तो उतरायला लागला की मदतनिसाने पुढचा प्रश्न हाताने काम करणाऱ्याकडे न्यावा.

चित्रीकरण कशाचं करावं?

दाखवण्याच्या दहा मिनिटांचं करावं, प्रश्नांचं करू नये. चित्रीकरण चालू आहे म्हटलं की कंत्राटदार फसलेल्या कामाबद्दल बोलत नाही आणि शिकण्यासारखं नेमकं तिथेच असतं. चौदाव्या मिनिटाला सगळ्यांसमोर सांगून चित्रीकरण बंद करावं. बोलण्याचा सूर बदललेला लगेच जाणवतो. दहा मिनिटांची चित्रफीत पुढच्या निमंत्रणाबरोबर पाठवायला कामी येते. बैठक बंद करण्याआधी गप्पांच्या खिडकीतून `Save chat` मात्र आठवणीने करावं. खिडकी मिटल्यावर ते लिखाण परत मिळेलच असं नाही.

पुढचे दोन दिवस

ओळख बैठकीत सुरू होते, पण ती टिकते की नाही ते पुढच्या ४८ तासांत ठरतं. वही आणि जपलेलं लिखाण समोर घेऊन बसावं. ज्यांच्यापुढे ‘फोन’ लिहिलं आहे त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन करावा. बाकीच्यांना एकेक निरोप पाठवावा आणि त्यात त्यांच्याच प्रश्नाचा उल्लेख असावा. “बैठकीला आल्याबद्दल आभार” हा निरोप कोणी वाचत नाही. “तुम्ही गिलाव्याच्या तड्यांबद्दल विचारलंत. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पहिला थर चढतोय, बघायला याल का?” या निरोपाला उत्तर येतं.

वहीत कंसात घातलेल्या जोड्यांची गाठ आपणच घालून द्यावी. मात्र कोणाचाही नंबर दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारावं. सगळ्यांना न विचारता एका गटात टाकणं हा आलेली माणसं घालवायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. गवंड्याच्या फोनवर दिवसभर शुभ सकाळचे संदेश येऊ लागले की पुढच्या वेळी तो आपला निरोपही उघडत नाही.

मर्यादा आणि हिशेब

अशा बैठकीत माणसाची समज कळते, हात कळत नाही. चुन्याबद्दल नीट बोलणारा गवंडी गिलावा नीट करेलच असं नाही आणि उत्तम हाताचा गवंडी कॅमेऱ्यासमोर अवघडतो. काम देण्याआधी त्याची जुनी साइट पाहावीच लागते. एखाद्या भिंतीचं निदानही फोटोवरून करू नये. ओल जमिनीतून चढते आहे की छपरातून उतरते आहे, हे भिंतीपाशी उभं राहूनच ठरतं. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही असे म्हातारे कारागीर या मार्गाने सापडत नाहीत. त्यांचा पत्ता बैठकीत आलेल्या एखाद्याला ठाऊक असतो, म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत तो आवर्जून विचारावा.

बैठक जमली की नाही हे आलेल्यांच्या संख्येवरून मोजू नये. महिन्याभराने वही उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. त्यानंतर किती जणांशी पुन्हा बोलणं झालं? किती जणांनी आपण होऊन फोन केला? आणि आपल्याला मध्ये न घेता कोणत्या दोघांनी एकमेकांशी काम जोडलं? बारा जण आले आणि त्यांतल्या तिघांशी बोलणं चालू राहिलं तर बैठक जमली. ऐंशी आले आणि कोणाशीच राहिलं नाही तर ते व्याख्यान झालं. पुढची तारीख ठरवायची ती या हिशेबानंतरच, आणि पुढचा विषय आपल्या डोक्यातून न काढता वहीतल्या ‘फोन’ लिहिलेल्या प्रश्नांतून निवडावा.